अडीच टक्के की साडेबारा टक्के? एका कारखाना विस्ताराच्या अंतर्गत ऑडिटची पूर्ण गोष्ट

हे प्रकरण चाकण पट्ट्यातल्या एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीचं आहे. कंपनीचं नाव देत नाहीये, आकडे गोल केलेत आणि ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्यात, पण घटनांचा क्रम आणि हिशोबाचं गणित जसंच्या तसं ठेवलंय. मी त्या अंतर्गत ऑडिट टीममध्ये होतो.

पार्श्वभूमी

कंपनीकडे आधीचा एक प्लांट चालू होता आणि त्याच्या शेजारच्याच प्लॉटवर साधारण ६,००० चौरस मीटरची नवीन मशीनिंग शेड उभी करायची होती. बोर्डाने ४२ कोटी मंजूर केले होते. त्यात सिव्हिल आणि जमिनीची कामं ११ कोटी, पीईबी म्हणजे स्टीलची शेड साडेसात कोटी, इलेक्ट्रिकल आणि युटिलिटी साडेसहा, मशिनरी साडेचौदा, कन्सल्टंट आणि परवानग्या १ कोटी आणि वर कंटिंजन्सी म्हणजे अनपेक्षित खर्चाची तरतूद दीड कोटी. काम ऑक्टोबरमध्ये सुरू करून पुढच्या ३१ ऑगस्टला उत्पादन सुरू करायचं असं ठरलेलं, प्रत्यक्षात उत्पादन सुरू झालं १५ जानेवारीला. म्हणजे १३७ दिवस उशीर.

प्रोजेक्ट टीमने क्लोजर रिपोर्ट दिला त्यात लिहिलं होतं की खर्च ४३.१ कोटी झाला, बजेटपेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत वाढ असेल तर परत बोर्डाकडे जायची गरज नाही. उशिराचं कारण एका ओळीत: पावसाळा आणि पीईबी कॉन्ट्रॅक्टरची दिरंगाई. ऑडिट कमिटीच्या एका सदस्याला हे पटलं नाही, कारण साडेचार महिने लांबलेला प्रोजेक्ट अडीच टक्क्यांत बसतो कसा, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तिथून काम आमच्याकडे आलं.

पहिला प्रश्न: तुलना नक्की कशाची कशाशी

बजेट विरुद्ध प्रत्यक्ष खर्च म्हटलं की लोक अकाउंटिंग सिस्टिममधून बुक झालेला खर्च काढतात आणि मंजूर आकड्याशेजारी लावतात. इथेही तेच झालं होतं. पण दोन्ही बाजू एकाच मोजपट्टीवर आहेत का हे आधी बघावं लागतं, आणि इथे त्या नव्हत्या.

आधी बजेटची बाजू घ्या. मंजूर यादीतली दोन मशीन्स, एकूण २.१ कोटींची, मधेच 'फेज दोन'मध्ये ढकलली होती, ती घेतलीच नाहीत. पण बजेट मात्र ४२ कोटीच धरलं होतं. जे घेतलंच नाही त्याचे पैसे उरलेल्या कामाच्या वाढीव खर्चाखाली गपचूप झाकले गेले. म्हणून जेवढं प्रत्यक्ष बांधलं-घेतलं त्याचं बजेट ३९.९ कोटी.

मग खर्चाची बाजू. ४३.१ हा फक्त बुक झालेला आकडा. काम झालंय, माल आलाय पण बिल आलं नाही किंवा पास झालं नाही असं १.४ कोटींचं देणं उघड्या पीओमध्ये, म्हणजे न मिटलेल्या खरेदी ऑर्डरमध्ये पडून होतं. शिवाय ६० लाख जुन्या प्लांटच्या रिपेअर-मेंटेनन्स खात्यात सापडले, त्यात भाड्याचा डीजी सेट, त्याचं डिझेल आणि नव्या शेडला नेलेली कॉम्प्रेस्ड एअरची लाईन. हे सापडायचं कारण म्हणजे जुन्या प्लांटचा मेंटेनन्स खर्च त्या तिमाहीत अचानक वर गेला होता आणि डिझेलच्या इंडेंटवर नव्या शेडच्या इंजिनिअरची सही होती.

एक गोष्ट प्रोजेक्ट टीमच्या बाजूने पण निघाली आणि ती आम्ही तेवढ्याच ठळकपणे लिहिली. बांधकामाच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टवरचं जीएसटी क्रेडिट मिळत नाही, पण मशीनचं फाउंडेशन कायद्यात 'प्लांट अँड मशिनरी'मध्ये धरलंय, त्यामुळे त्यावरचं मिळतं. अकाउंट्सने सगळाच जीएसटी खर्चात टाकला होता. कॉन्ट्रॅक्टरने फाउंडेशनचं बिल बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या परिमाण-यादीत वेगळं दाखवलेलं असल्यामुळे साधारण २० लाखांचं क्रेडिट काढता आलं, तेही पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरची मुदत संपायच्या आत होतो म्हणून.

तर ४३.१ अधिक १.४ अधिक ०.६ वजा ०.२, झाले ४४.९ कोटी. ३९.९ शी तुलना केली तर वाढ ५ कोटी, म्हणजे साडेबारा टक्के. ५ टक्क्यांची मर्यादा कधीच मागे पडली होती आणि बोर्डाला ते कळलंच नव्हतं.

आणि यात लांबलेल्या काळाचं व्याज धरलेलंच नाही! मूळ बजेटमध्ये व्याजाची ओळच नव्हती म्हणून तुलनेतही घेतलं नाही, पण सरासरी २५ कोटी कर्ज उचललेलं, साडेनऊ टक्के दर, १३७ दिवस, म्हणजे जवळजवळ ८९ लाख. उशीर फुकट पडत नाही हे दाखवायला रिपोर्टमध्ये हा आकडा वेगळा ठेवला.

कंटिंजन्सीचे दीड कोटी पण संपलेच होते, म्हणजे खरी वाढ साडेसहा कोटींची. त्यातले दीड कोटी खडकात गेले, २.३ क्रेनच्या बदलात, १.१ इलेक्ट्रिकलमध्ये, ०.९ किरकोळ चेंज ऑर्डरमध्ये आणि ०.७ निव्वळ वेळ लांबल्यामुळे. मोठे दोन आहेत त्यांच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

खडक

या भागात मुरुमाखाली कुठे ना कुठे काळा बेसाल्ट लागतोच, आश्चर्य त्यात नाही. प्रश्न असतो तो कुठे आणि किती. प्लॉट उताराचा होता, सपाटीकरणासाठी २२,००० घनमीटर खोदाई धरली होती, त्यात कठीण खडक फक्त ३,०००. मातीमुरुमाचा दर १८० रुपये, ब्रेकरने फोडायच्या कठीण खडकाचा १,४०० रुपये घनमीटरला. शेवटी बिल झालं २२,८०० घनमीटरचं, म्हणजे एकूण खोदाई जवळपास तेवढीच, पण त्यात कठीण खडक १३,३००. फरक जीएसटी धरून दीड कोटी.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "अहो सर, जमिनीखाली खडक लागला तर मी काय करू, मी थोडाच आत ठेवला?" बरोबर आहे. पण टेंडरआधीच्या जिओटेक म्हणजे जमीन तपासणीच्या रिपोर्टमध्ये चारच बोअर होते आणि चारही शेडच्या खालच्या, उताराच्या बाजूला. वरच्या बाजूला, जिथे सगळ्यात खोल कापायचं होतं, तिथे एकही नाही. म्हणजे ३,००० हा आकडा अंदाजच होता आणि दरात आठपट फरक असताना अंदाजावर टेंडर काढलं होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मेजरमेंट बुकात दिसली. खोदाईआधीच्या लेव्हल दोघांच्या सहीने घेतलेल्या, खोदाईनंतरच्या पण. पण मुरूम संपून खडक लागला त्या पातळीवर लेव्हल घेतल्याच नव्हत्या. नियम असा आहे की खडकाचा माथा दिसला की थांबून लेव्हल घ्यायच्या, आणि थर मिसळलेले असतील तर फोडलेल्या खडकाचे ढीग वेगळे लावून मोजायचे आणि पोकळीसाठी ५० टक्के वजा करायचे. इथे ना लेव्हल ना ढीग. साईट इंजिनिअर आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने तोंडी टक्केवारी ठरवली आणि प्रत्येक आरए बिलात, म्हणजे काम चालू असतानाच्या बिलात तीच लावली. सलग पाच बिलांत खडकाची टक्केवारी जवळपास सारखी दिसली तेव्हाच संशय आला, कारण उताराच्या प्लॉटवर खडक असा समान वाटून येत नाही.

आता फोडून उचललेला खडक परत मोजता येत नाही, मग करायचं काय. आमच्यासमोर तीन वाटा होत्या. एक म्हणजे कागद नाही म्हणून खडकाचं सगळं जादा बिल अमान्य करा असं लिहायचं. ते अन्यायाचं झालं असतं, खडक होता हे डोळ्याला दिसत होतं. दुसरी म्हणजे दोघांची सही आहे ना मग सोडून द्यायचं. तिसरी म्हणजे इतर पुराव्यांवरून अंदाज बांधायचा, आणि आम्ही ती धरली.

गेट रजिस्टर आणि डिझेल रजिस्टरवरून ब्रेकर लावलेल्या पोकलेनचे तास काढले, ते निघाले १,१५०. पाण्याच्या टाकीचा खड्डा पूर्ण खडकातला होता आणि त्याचं माप व्यवस्थित घेतलेलं होतं, त्यावरून याच साईटवर तासाला साधारण ८ घनमीटर निघतात हे कळलं. म्हणजे ९,२०० च्या आसपास. हा काही अंतिम पुरावा नाही, कारण खडकात भेगा जास्त असतील तर तासाला जास्त निघतो, पण १३,३०० आणि ९,२०० मधली दरी एवढी मोठी होती की पुढे जाणं भाग होतं. नशिबाने वरच्या बाजूचा कापलेला उभा भाग अजून उघडा होता, रिटेनिंग वॉल व्हायची होती. तिथे मुरूम आणि खडकाची रेषा स्पष्ट दिसत होती. कॉन्ट्रॅक्टरच्या सर्व्हेअरला सोबत घेऊन ती रेषा मोजली, शेडच्या बाहेर सहा ट्रायल पिट घेतले, आणि दोन्ही जोडून खडकाचा माथा कागदावर परत उभा केला. आकडा आला १०,९०० घनमीटर. कॉन्ट्रॅक्टरने दोन बैठकांनंतर मान्य केलं आणि २,४०० घनमीटरचा फरक, जीएसटी धरून सुमारे साडेचौतीस लाख, फायनल बिलातून क्रेडिट नोटने वळता झाला. भिंत आधी झाली असती तर यातला रुपयाही सुटला नसता.

क्रेन आणि अकरा चेंज ऑर्डर

मूळ डिझाईन १० टनी ईओटी, म्हणजे शेडमध्ये वरच्या बीमवर धावणाऱ्या क्रेनचं होतं. जानेवारीत एका मोठ्या ग्राहकाचं नवीन काम येणार म्हणून २० टनी करायचं ठरलं. क्रेन डबल केली म्हणजे फक्त क्रेन बदलत नाही हे लक्षात घ्या, रनवे बीम बदलतो, कॉलम जड होतात, अँकर बोल्ट बदलतात, कॉलमखालचं पेडेस्टल आणि फुटिंग वाढतं, बसबार बदलतो. त्यावेळी सहा पेडेस्टल ओतून झाले होते आणि जुन्या मापाचे रनवे बीम व्हेंडरकडे फॅब्रिकेट व्हायला लागले होते.

या एका निर्णयाचा खर्च २.३ कोटी. प्लांट हेडची मंजुरीची मर्यादा २५ लाख, एमडींची १ कोटी, त्यावर बोर्डाची समिती. पण फाईलमध्ये २.३ कोटींची एक चेंज ऑर्डर नव्हतीच, होत्या अकरा, सगळ्या १८ ते साडेचोवीस लाखांच्या दरम्यान, सगळ्यांवर प्लांट हेडची सही. पेडेस्टल एक, अँकर बोल्ट दुसरी, कॉलम तिसरी, असं. आम्ही सगळ्या चेंज ऑर्डर रकमेप्रमाणे लावल्या तर २५ लाखांच्या थोडंसं खाली गर्दी आणि त्याच्यावर एकदम रिकामं. मग 'कारण' हा कॉलम आम्हीच भरला आणि त्याप्रमाणे लावलं तर अकराही एकाच निर्णयातून आलेल्या.

तारखा पण जुळवल्या. काँक्रीटचं पोअर कार्ड आणि अँकर बोल्टचं डिलिव्हरी चलान खोटं बोलत नाही. सात चेंज ऑर्डरवरची मंजुरीची तारीख प्रत्यक्ष काम सुरू झाल्यानंतरची निघाली.

यात कोणी पैसे खाल्ले असं आम्हाला कुठे दिसलं नाही आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं. प्लांट हेडचं म्हणणं होतं की समितीची बैठक दोन महिन्यांनी होती, तोवर थांबलो असतो तर ग्राहक गेला असता. क्रेन मोठी करणं धंद्याच्या दृष्टीने बहुतेक योग्यच होतं. पण तुकडे केल्यामुळे बोर्डाला जो प्रश्न विचारायचा हक्क होता तो विचारताच आला नाही: आत्ताच सगळ्या शेडला २० टन लागतं का, की फक्त एका बे मध्ये, म्हणजे शेडच्या एका पट्ट्यात चालेल? आम्ही स्ट्रक्चरल कन्सल्टंटला हा प्रश्न नंतर विचारला, त्यांच्या मते एका बे चा पर्याय शक्य होता. तेवढ्याने किती वाचलं असतं याचा आकडा आम्ही दिला नाही, कारण तसं डिझाईन कोणी केलेलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट चेंज ऑर्डरमध्ये जवळजवळ नेहमी सुटते, म्हणजे वजाबाकी. नवीन काय लागलं ते सगळं मांडतात, जुनं काय रद्द झालं ते कोणी मांडत नाही. जुन्या मापाचे १६ टन फॅब्रिकेट झालेले बीम व्हेंडरच्या यार्डातच होते, त्याचे पैसे आपण दिलेले आणि भंगाराचं क्रेडिट घेतलंच नव्हतं. किलोला ३५ रुपये धरून ५.६ लाख मिळाले. सहा पेडेस्टल फोडून परत ओतायचे १४ लाख पण मालमत्तेच्या किमतीत टाकले होते. वाया गेलेल्या कामाचा असा खर्च इंड एएस १६ या हिशोबाच्या मानकाप्रमाणे मालमत्तेत धरता येत नाही, तो नफा-तोट्यात न्यायला सांगितलं.

१३७ दिवस गेले कुठे

एमएस प्रोजेक्टची फाईल मागितली तर तिच्यात सगळं वेळेवर दिसत होतं! प्रत्येक वेळी उशीर झाला की बेसलाईनच, म्हणजे तुलनेचं मूळ वेळापत्रकच नव्याने सेव्ह केलं जायचं. मूळ शेड्यूल शेवटी बँकेकडून मिळालं, कर्जाच्या पहिल्या उचलीवेळी ते बँकेला मेलने पाठवलं होतं. प्रत्यक्ष तारखा आम्ही पोअर कार्ड, साईट डायरी, चलानं आणि आरए बिलांवरून उभ्या केल्या.

खडकामुळे २१ दिवस. क्रेनमुळे ६५, त्यात ३८ दिवस ड्रॉइंग होल्डवर होतं आणि २७ दिवस पत्र्याचं काम रेंगाळलं. उरलेले ५१ दिवस विजेचे. शेड तयार, मशीन बसलेली, पण वाढीव लोडचा महावितरणकडचा अर्जच ठरल्यापेक्षा तीन महिने उशिरा गेला होता, कारण जुन्या प्लांटच्या लोडवर भागेल असं कोणीतरी गृहीत धरलं होतं. अर्ज, एस्टिमेट, पैसे भरणं, मीटरिंग क्युबिकल, इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची परवानगी, ही साखळी कोणाच्या घाईने लहान होत नाही. डीजी सेट भाड्याने आला तो त्यामुळे.

पावसाबद्दल: चाकणला जूनमध्ये पाऊस येणार हे दरवर्षीचं आहे. मूळ शेड्यूलप्रमाणे पत्रे मेच्या आधी चढायचे होते. ३८ दिवसांच्या होल्डने ते काम पावसात ढकललं. त्यामुळे पावसाळा हे कारण म्हणून वेगळं लिहिणं आम्हाला मान्य झालं नाही.

कॉन्ट्रॅक्टरला दंड लावायचा का

प्रोजेक्ट टीमला पीईबी कॉन्ट्रॅक्टरवर पूर्ण एलडी, म्हणजे करारात ठरलेला उशिराचा दंड लावायचा होता, आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे साडेसात कोटींच्या कामावर साडेसदतीस लाख. तिकडे कॉन्ट्रॅक्टरने माणसं आणि क्रेन बसून राहिल्याचा ९० लाखांचा क्लेम टाकलेला.

कागद बघितले तर ३८ दिवस आपणच ड्रॉइंग अडवलेलं. फक्त २७ दिवसांत त्याची चूक दाखवता येत होती, दोन गँग कबूल करून एकच लावली होती. तेवढ्याचे चार आठवडे धरले तरी २ टक्के, १५ लाख. आणि तिथेही अडचण. मुदतवाढीच्या पत्रात आपण एलडीचा हक्क राखून ठेवतोय असं एक वाक्य लिहिलेलं नव्हतं. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे उशिराने दिलेलं काम स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची नोटीस दिली नसेल तर नंतर मागता येत नाही. कंपनीच्या वकिलांचं मतही तेच पडलं.

मॅनेजमेंटपुढे दोन रस्ते होते, एलडी लावून लवादात जायचं किंवा बसून मिटवायचं. निर्णय त्यांचा, आम्ही फक्त दिवसांचा तक्ता आणि क्लेमची तपासणी दिली. ९० लाखांपैकी गेट पास आणि हजेरीपटाने सिद्ध होणारे ३१ लाखच होते. तेवढे देऊन, एलडी न लावता मिटलं.

काय झालं आणि काय वेगळं करता आलं असतं

सगळं धरून प्रोजेक्ट ४४.८ कोटींवर बंद झाला. क्लोजर रिपोर्ट मागे घेऊन नवीन आकड्यांसह बोर्डापुढे ठेवला गेला, वाढीव खर्चाला कार्योत्तर मंजुरी मिळाली आणि प्लांट हेडना लेखी समज दिली गेली.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा बोअरची होती. वरच्या बाजूला आणखी चार बोअर घेतले असते तर खर्च काही लाखांतच गेला असता आणि खडकाचा आकडा टेंडरमध्येच आला असता, कदाचित शेडची पातळी थोडी वर घेऊन कटिंगच कमी करता आलं असतं. दुसरं, ऑडिट प्रोजेक्ट संपल्यावर बोलावलं. फाउंडेशनच्या टप्प्यावर एकदा येऊन मेजरमेंट बुक चाळलं असतं तर खडकाच्या लेव्हलचा प्रश्न दुसऱ्याच बिलात पकडला गेला असता. आणि समितीची बैठक दोन महिन्यांनी असते ही प्लांट हेडची तक्रार खरी होती, त्यावर फक्त 'नियम पाळा' म्हणून उपयोग नव्हता. म्हणून तातडीच्या बदलासाठी तीन दिवसांत सर्क्युलरने मंजुरी द्यायची सोय आम्ही सुचवली आणि ती स्वीकारली गेली.

मंजुरीची मर्यादा आता एका कारणाच्या सगळ्या चेंज ऑर्डरच्या बेरजेला लागते, फॉर्मवर 'यामुळे काय रद्द झालं' हा रकाना सक्तीचा आहे आणि मूळ बेसलाईनची प्रत फायनान्सकडे कुलूपबंद राहते. फेज दोनची ती २.१ कोटींची दोन मशीन्स पुढच्या बैठकीत नव्या प्रस्तावाने आली, सोबत विजेच्या लोडचा हिशोब आणि व्याजाची वेगळी ओळ होती. बोर्डाने एक मशीन मंजूर केलं, दुसरं ग्राहकाची ऑर्डर लेखी येईपर्यंत थांबवलं.